लेकरू शी अडवून धरतं तेव्हा काय करायचं: आमच्या पोरीच्या वर्षभराच्या अनुभवातून

आमची पोरगी सव्वादोन वर्षांची होती तेव्हा मे महिन्यात तिला एकदा दगडासारखी कडक शी झाली. थोडं रक्त आलं, ती जाम रडली आणि दुसऱ्या दिवसापासून शी आली की पळून धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राहायची. पायाच्या बोटांवर उभी, मांड्या एकमेकीत घट्ट अडकवलेल्या, दोन्ही हातांनी कोठीचा पत्रा धरलेला आणि तोंड लालभडक. आम्ही सगळे बाहेरून म्हणायचो, जोर लाव बेटा, जोर लाव. आणि ती जोर लावतच होती, पण शी आत ठेवायला! हे आम्हाला कळायला चार महिने गेले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, बालरोगतज्ज्ञ म्हटलं की एसटीनं दीड तास. म्हणून लिहितेय, की ज्यांच्या घरी हेच चालू आहे त्यांचे ते चार महिने वाचावेत. मी डॉक्टर नाही. खाली औषधाचे जे आकडे आहेत ते आमच्या डॉक्टरांनी आमच्या पोरीच्या वजनावरून दिलेले आहेत, ते तसेच्या तसे तुमच्या लेकराला द्यायचे नाहीत, तुमचे आकडे तुमचे डॉक्टर सांगतील.

१. आधी ओळखा, लेकरू जोर लावतंय की अडवतंय

खरंच शी करायची असेल तर लेकरू गुडघे वाकवतं, उकिडवं बसतं, पुढं झुकतं. अडवायची असेल तर उलटं करतं: ताठ उभं राहतं, पाय एकमेकांत अडकवतं, टाचा उचलतं, पाठ मागं ताणतं, काही पोरं तर जमिनीवर सरळ पडून कडक होतात. कोपऱ्यात, दारामागं, पडद्यामागं लपतात. दहा-पंधरा मिनिटांनी ती कळ निघून जाते, लेकरू परत खेळायला लागतं आणि आपल्याला वाटतं, चला, नव्हतीच आली.

आलेली असते, ती फक्त परत वर जाते.

दुसरी खूण म्हणजे चार-पाच दिवसांनी एकदम मोठी, जाड शी होणं, इतकी की एवढ्याशा लेकरातून ही निघाली कशी असा प्रश्न पडावा. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी, ती कडक, दुखून होणारी, आणि महिनाभर हेच चालू असेल तर डॉक्टर त्याला बद्धकोष्ठताच म्हणतात. उलट एखादं लेकरू दोन दिवसांआड जातं पण मऊ करतं, हसत करतं, तर त्याच्या मागं लागायचं काही कारण नाही.

२. आत काय चाललंय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं पटणार नाही

एकदा दुखलं की लेकराच्या डोक्यात बसतं, शी म्हणजे दुखणं. मग ते अडवतं. अडवलेली शी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात पडून राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती अजून कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, मग लेकरू अजून जोरानं अडवतं. हा फेरा आपणहून तुटत नाही.

त्यात अजून एक भानगड आहे. सतत भरलेलं राहून ते आतडं ताणून ढिलं होतं. जुन्या मोज्याचं इलास्टिक कसं होतं, तसं. ढिलं झालं की शी आल्याची कळच नीट कळत नाही. म्हणजे सुरुवातीला लेकरू मुद्दाम अडवत असतं, पण नंतर नंतर त्याला खरंच समजत नाही. म्हणून पोट साफ झालं म्हणजे काम संपलं असं होत नाही, त्या आतड्याला आकसून जागेवर यायला महिने लागतात आणि तेवढे महिने ते रिकामं राहायला पाहिजे. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर मी औषध मध्येच बंद केलं नसतं, पण ते पुढं सांगते.

आणि सगळ्यात फसवणारा प्रकार. ऑगस्टमध्ये पोरीची चड्डी दिवसातून पाच-सहा वेळा खराब व्हायला लागली. पातळ, चिकट, ओल्या चिखलासारखा डाग, भयंकर वास आणि तिला पत्ताच नाही. आम्हाला वाटलं जुलाब लागले. बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथंही कोणी पोटाला हात न लावता जुलाबाचं औषध, झिंक आणि ओआरएस दिलं. आठ दिवस ते चाललं आणि पोट अजूनच फुगलं. खरं काय होतं, तर आत शीचा मोठा गोळा अडकलेला आणि त्याच्या बाजूनं वरची पातळ शी झिरपत होती. नालीत दगड अडकला तरी बाजूनं पाणी वाहतच राहतं ना, तसंच. त्यामुळे बरेच दिवस कडक शीचा त्रास असलेल्या लेकराला अचानक असे थोडे थोडे "जुलाब" लागले, तर जुलाब थांबवायचं औषध देण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की याला आधीपासून शी अडवायची सवय आहे, पोट तपासून बघा.

३. घरचे उपाय थांबवा, यातले काही खरंच धोक्याचे आहेत

आमच्या सासूबाईंचा जीव आहे पोरीवर, पण त्यांचं एकच, "एरंडीचं तेल पाज ना वं, आमी का नाई पाजलं लेकरायले?" एरंडेल पाजलं की आतडं पिळवटतं, पोटात जोराची कळ येते आणि आधीच घाबरलेल्या लेकराची भीती दुप्पट होते. शिवाय नाक दाबून, जबरदस्तीनं पाजलेलं कुठलंही तेल श्वासनलिकेत गेलं तर छातीत न्यूमोनियासारखा आजार होतो. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिनचं पांढरं औषधसुद्धा तेलच आहे, ते लहान बाळाला आणि औषध थुंकणाऱ्या, ठसकणाऱ्या लेकराला देत नाहीत. कोणाचं बघून आणू नका.

मग तो विड्याच्या पानाचा देठ, तेलात बुडवून खालून घालायचा, किंवा साबणाची वडी. आम्ही दोन्ही केलं, खोटं कशाला बोलू. देठानं त्या वेळेपुरती शी होते, पण तिथं आधीच चीर पडलेली असते, तिच्यावर साबण म्हणजे जखमेवर मीठ. आणि लेकराला चौघांनी धरून खालून काही घातलं की ते पुढच्या वेळी अजून घट्ट अडवतं. आमच्या पोरीनं त्यानंतर आंघोळीलासुद्धा चड्डी काढू दिली नाही पंधरा दिवस. एनिमाचंही तेच, डॉक्टरांनी गरज बघून स्वतः दिला तर ठीक, मेडिकलमधून बाटली आणून घरी द्यायचा नाही. फॉस्फेटचा एनिमा तर दोन वर्षांखालच्या लेकराला जिवावर बेतू शकतो.

मोठ्या माणसांच्या पोट साफ करायच्या गोळ्या आणि चूर्ण अर्धं-पाव करून देणं, हेही बंद. इसबगोल पण नको, आत गोळा अडकलेला असताना वरून अजून भर घालून उपयोग नसतो.

जंताचं औषध मात्र घ्या, ते वेगळ्या कारणासाठी. अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला गोळी मिळते ती द्यायचीच, पण जंत पडले की शी सुरळीत होईल ही आशा ठेवू नका. आम्ही त्या आशेवर एक महिना घालवला.

४. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

शक्यतो बालरोगतज्ज्ञ गाठा. थेट जमत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, त्यांनाही सांगता येतं, पण त्यांची वाट बघत बसू नका. पिशवीत एवढं टाका:

- माता-बाल संरक्षण कार्ड (लसी आणि वजनाची नोंद त्यात असते)
- त्या आठवड्यात केलेलं वजन, अंगणवाडीताईंच्या काट्यावर होतं, कारण औषध वजनावरच ठरतं
- आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि पाकिटं, रिकामी असली तरी
- शीची वही, निदान आठ-दहा दिवसांची
- मोबाईलमध्ये शीचे आणि चड्डीवरच्या डागाचे फोटो (लाज वाटते, पण डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच बघितले)

वही म्हणजे साधी चाळीस पानी. तारीख, शी झाली का, कशी झाली, दुखलं का, चड्डी खराब झाली का. "कशी" साठी मी आमचेच शब्द ठरवले होते: बकरीच्या लेंड्या, भेगा पडलेलं ढेकूळ, पिकलेलं केळं, शिरा, आणि पाणी. आपल्याला पाहिजे असतं पिकलेलं केळं किंवा शिरा.

डॉक्टर एक प्रश्न नक्की विचारतात, बाळानं जन्मल्यावर पहिली काळी शी किती तासांत केली? ते आठवून, बाळंतपण झालं तिथल्या कागदावर बघून जा. पहिली शी दोन दिवसांत झाली नव्हती, किंवा त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, तर आतड्याचा जन्मजात दोष आहे का ते तपासावं लागतं. बहुतेक पोरांना असलं काही नसतं, पण खालच्या गोष्टी दिसल्या तर वाट न बघता दाखवा: हिरवी उलटी, पोट ढोलासारखं टम्म फुगणं, सोबत ताप, वजन न वाढणं, शी कायम दोरीसारखी बारीक येणं, पायात कमजोरी, कमरेखाली पाठीवर खड्डा किंवा केसांचा पुंजका. हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट एकत्र असेल तर १०८ ला फोन करायचा, सकाळची एसटी धरायची नाही.

आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, माझा हात धरून डाव्या बाजूला खाली ठेवला आणि म्हणाले, "हे बघा ताई, हे गोळे लागतात का?" लागले की, कणकेचे उंडे ठेवल्यासारखे. खाली बाजूला बारीक चीर होती, ते रक्त तिथलं. एक्स-रे काढायची गरज पडली नाही.

५. पहिलं काम: साठलेलं बाहेर काढणं

आम्हाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, मेडिकलवाले तिला पेग पावडर म्हणतात. ही पावडर अंगात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि ते पाणी शीत राहतं म्हणून शी मऊ होते. आतड्याला चाबूक मारत नाही, म्हणून सवयही लागत नाही.

पोरीचं वजन १२ किलो. साठलेलं काढायला दिवसाला १८ ग्रॅम, दोन भागांत, ९ सकाळी आणि ९ संध्याकाळी, पाच दिवस. प्रत्येक भाग अर्ध्या ग्लासापेक्षा थोड्या जास्त पाण्यात पूर्ण विरघळवून, अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा. चव फारशी नसते, लिंबूसरबतात घातली तरी चालते. थोड्या पाण्यात किंवा कोरडी चाटवली तर काम करत नाही, कारण सगळी जादू त्या पाण्याचीच आहे.

आमचे पाच दिवस वहीतून उतरवते. पहिल्या दिवशी काहीच नाही, फक्त पोटात गुडगुड. दुसऱ्या दिवशी चड्डीवरचे डाग वाढले, मी घाबरून फोन केला, डॉक्टर म्हणाले हे व्हायचंच होतं, बंद करू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी कोठीमागे एवढी मोठी शी झाली की सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. चौथ्या दिवशी चार वेळा, ढेकळं आणि पाणी एकत्र. पाचव्या दिवशी नुसतं मातकट पाणी, एकही गाठ नाही. गाठी यायच्या थांबल्या म्हणजे आतडं रिकामं झालं. हे दिवस घरी राहा, कपास वेचणी किंवा लग्नाचा मुहूर्त मध्ये येऊ देऊ नका, जुन्या सुती साड्यांचे तुकडे भरपूर ठेवा, खालची जागा कोमट पाण्यानं धुवून खोबरेल तेल लावा. आणि लेकरू पाणी पीत राहिलं पाहिजे. उलट्या व्हायला लागल्या किंवा लेकरू सुस्त पडलं, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

एक सापळा मेडिकलच्या काउंटरवरचा. पेग नावाचंच एक भलंमोठं पाकीट मिळतं, दुर्बिणीनं आतडं तपासण्याआधी मोठ्या माणसांना दोन लिटर पाण्यात मिसळून पाजतात ते. आम्हाला पहिल्यांदा तेच काढून दिलं होतं. चिठ्ठीवरचं नाव आणि ग्रॅम जुळवून बघा, नाही जुळलं तर पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवा. गावातल्या मेडिकलमध्ये पेग पावडर बहुतेक नसतेच, जिल्ह्याहून येतानाच महिन्याभराची आणा. काही डॉक्टर त्याऐवजी लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात, एक वर्षाखालच्या बाळाला तर बहुतेक तेच, त्यानं गॅस थोडा जास्त होतो पण तेही चालणारं औषध आहे.

६. दुसरं काम: रोजचं औषध, आणि आम्ही जिथं चुकलो ते

पोट साफ झालं की त्याच दिवसापासून रोजचा कमी डोस सुरू. आम्हाला ८ ग्रॅम, रोज एकदा, संध्याकाळी. मोजायला पावडरीसोबत मिळालेलं मापच वापरायचं, घरचा चहाचा चमचा आणि पोह्याचा चमचा यात दुपटीचा फरक पडतो. डॉक्टरांनी थोडी मोकळीक दिली होती: सलग दोन दिवस पाण्यासारखी झाली तर १-२ ग्रॅम कमी, सलग दोन दिवस ढेकूळ आलं तर तेवढंच जास्त. तुमच्या डॉक्टरांना अशी मर्यादा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी फोन करावा लागत नाही.

आता चूक. पोळ्यानंतर औषध सुरू झालं, तीन आठवड्यांत पोरगी रोज केळ्यासारखी मऊ शी करायला लागली, हसायला लागली, जेवायला लागली. नवरा म्हणाला, "आता बरी हाय न ते, कायले रोज पावडर देऊन रायली तू?" शेजारची म्हणाली सवय लागते. मलाही वाटलं, एवढ्या लहान जीवाला रोज औषध म्हणजे काय. दसऱ्याच्या आधी बंद केलं. आठ दिवस काही झालं नाही, नवव्या दिवशी ती परत कोठीमागे टाचा उचलून उभी.

दिवाळीच्या तोंडावर परत जिल्ह्याला, परत चार दिवस साफसफाई, परत तेच. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले की दहातली निम्मी लोकं इथंच परत येतात. रोजचं औषध कमीत कमी दोन महिने लागतं, सगळा त्रास थांबल्यावर वरून निदान एक महिना, आणि बऱ्याच पोरांना सहा महिने किंवा त्याहून जास्त. ते ढिलं आतडं आठवा. शी मऊ होते ती पावडरीमुळे, आतडं अजून जागेवर आलेलं नसतं आणि लेकराची भीतीही गेलेली नसते. भीती जायला दुखलं नाही असे दिवस एकामागं एक यावे लागतात.

७. संडासची सवय: आधी बंद करा, मग सुरू करा

तीन वर्षांची झाली की अंगणवाडीत घालायचं होतं, म्हणून जूनमध्येच आम्ही डायपर काढून टाकला होता आणि थेट मागच्या अंगणातल्या संडासात बसवायला लागलो होतो. आता विचार करा, तिथं लाईट नाही, पत्र्याचं दार, कोपऱ्यात कोळी, मोठ्या माणसाच्या मापाचं भांडं ज्यावर तिचे पाय दोन्हीकडं पुरतही नाहीत आणि मध्ये ते काळं भोक. मी असते तर मीही अडवली असती.

डॉक्टरांनी सांगितलं, सगळं बंद. डायपर परत, कोठीमागे करते तर करू द्या, रागवायचं नाही, शी झाली की "झालं का, छान" एवढंच. कुठं करते यापेक्षा करते हे महत्त्वाचं. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही, "सवय बिघडवून रायली" म्हणे, पण त्यांना मी वही दाखवली, त्यातल्या तारखांपुढं त्या गप्प बसल्या.

दोन महिने सलग मऊ शी झाल्यावर, संक्रांतीच्या सुमारास परत सुरू केलं, पायऱ्या पायऱ्यांनी. पहिल्यांदा डायपर घालूनच पण कोठीमागे न जाता न्हाणीत उभं राहून. मग डायपर घालूनच न्हाणीत उकिडवं बसून. मग डायपर काढून माझ्या पायांवर. आपल्या आया-आज्या बाळाला जसं दोन पायांवर बसवतात ना, मी पाटावर बसून पाय जुळवायचे आणि ती माझ्या पावलांवर, तोंड माझ्याकडं. याच्यासारखी जागा नाही, तिचे पाय टेकलेले असतात, गुडघे वर असतात, पडायची भीती नसते आणि मला तिचा चेहरा दिसतो. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे लागले, एकदा सर्दी-तापात एक पायरी मागं पण आलो. त्यानंतर प्लास्टिकची पॉटी. खुर्चीसारखी उंच पॉटी असेल तर पायाखाली वीट किंवा पाट ठेवा, लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही.

वेळ कोणती? जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न पडलं की खालचं आतडं आपोआप हलतं. आम्ही दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसवायचो, घड्याळ लावून, आणि शी झाली नाही तरी पाच मिनिटांनी उठवायचो. अडवायचं नाटक चालू असताना ओढून नेऊन बसवायचं नाही. जोर कसा लावायचा हे लेकराला समजावता येत नाही, म्हणून जत्रेतली पिपाणी दिली, फुंकली की पोटात आपोआप दाब येतो. बक्षीस बसल्याबद्दल द्यायचं, शी झाल्याबद्दल नाही, कारण बसणं तिच्या हातात आहे. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात ती माझी एक टिकली चिकटवायची. मार्च महिन्याचं पान अजून जपून ठेवलंय, एकोणीस टिकल्या आणि त्यातली एक हनुमानाच्या कपाळावर.

८. खाण्याचं थोडक्यात

खाण्यानं एकट्यानं हा फेरा तुटत नाही, पण दूध बघा. आमची पोरगी बाटलीनं म्हशीचं दूध दिवसभर प्यायची, लिटरच्या आसपास, मग भूक कुठून लागणार. डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या वर नको सांगितलं आणि बाटली बंद. चहा-बिस्कीट, टोस्ट आणि ते दुकानातले पोंगे कमी केले. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, पालेभाजी, पपई, पेरू, आणि संत्र्याच्या हंगामात संत्रं, पण सालीखालच्या त्या पांढऱ्या धाग्यांसकट फोडी, रस काढून नाही. पाणी उन्हाळ्यात दर थोड्या वेळानं, मागायची वाट न बघता. बस. चमचा चमचा कोंडा किंवा बाजारातली फायबरची पावडर वरून घालायची गरज नाही.

९. औषध कमी करताना

एप्रिलमध्ये सगळं छान चाललं होतं, तरी डॉक्टर म्हणाले विदर्भाच्या मे महिन्यात प्रयोग नको, पाऊस पडू द्या. जूनच्या शेवटी ८ चे ६ ग्रॅम, एक महिना. मग ४, एक महिना. मग दिवसाआड ४, तीन आठवडे, आणि मग बंद. प्रत्येक टप्प्यावर वही चालू. नियम असा ठेवला होता की दोन दिवस शी नाही, किंवा एकदा ढेकूळ आलं, किंवा टाचा उचललेल्या दिसल्या, की लगेच आधीच्या डोसवर परत आणि डॉक्टरांना फोन. ४ ग्रॅमवर असताना एकदा तसं झालं, एका लग्नाला दोन दिवस मुक्कामी गेलो होतो, तिथल्या संडासात ती गेलीच नाही. परत आल्यावर दहा दिवस ६ ग्रॅम दिलं, गाडी रुळावर.

आता सव्वा महिना झालाय पावडर बंद करून. अर्धं पाकीट अजून फडताळात आहे, त्यावर मी संपायची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय. कुठं गावाला जायचं असलं की कपड्यांच्या आधी पॉटी पिशवीत जाते, आणि एसटीत कंडक्टर विचारतो ताई हे काय, तर पोरगीच सांगते, माझी खुर्ची.